पॅराग्लायडिंगचे व्हाउचर भेट देताय? या चुका टाळा

अनुभवाचे व्हाउचर घेताना बहुतेक जण ‘मुदत सहा महिने’ एवढेच वाचतात आणि निर्धास्त होतात. पण त्या सहा महिन्यांपैकी वापरण्याजोगे दिवस किती, हे मोजायचे राहून जाते. कामशेतच्या पॅराग्लायडिंगचेच पाहा. तिथला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात उड्डाणे बंद असतात. समजा, १० एप्रिलला सहा महिन्यांचे व्हाउचर घेतले आणि ५ मेच्या वाढदिवसाला दिले. कागदावर ते १० ऑक्टोबरपर्यंत चालते, पण नोकरदार माणसाच्या हाती प्रत्यक्षात मे महिन्यातले उरलेले शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरचा जेमतेम पहिला आठवडा एवढेच येते. त्यातही वारा अनुकूल नसेल तर उड्डाण रद्द होते. हेच व्हाउचर सप्टेंबरअखेरीस घेतले असते, तर सहाही महिने जवळजवळ पूर्ण हंगामातच मिळाले असते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात, कारण फोनवरचे ‘होऊन जाईल’ पुढे कुणाला आठवत नाही. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजतात की नोंदणीच्या? मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत केवळ उड्डाणाची तारीख ठरवलेली पुरते की उड्डाणही व्हावे लागते? आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर मुदत वाढते का? याशिवाय शनिवार-रविवारी किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांना व्हाउचर चालत नाही, अशी अट खाली बारीक अक्षरांत दडलेली असू शकते. ती असेल, तर वर मोजलेले दिवस जवळजवळ शून्यावर येतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या गिफ्ट कार्डाला किमान एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे इथेही तसेच असेल असा समज होतो. परंतु एखाद्या कंपनीने केवळ स्वतःच्याच सेवेसाठी काढलेले व्हाउचर त्या नियमांत येत नाही. तिथे कंपनीच्या अटीच लागू होतात.

ज्याला व्हाउचर भेट द्यायचे, तो ते खरेच वापरेल का, हा प्रश्न नाजूक असला तरी टाळू नये. वैमानिकासोबतच्या उड्डाणाला वजनाची मर्यादा असते आणि पाठीचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांना सहसा नकार मिळतो. शिवाय पुण्याहून जाण्यायेण्यात आणि वाऱ्याची वाट पाहण्यात अख्खा दिवस जातो. घरी लहान मूल असेल, तर त्या दिवशी त्याला सांभाळणार कोण? ‘तुला उडायला आवडेल का’ यापेक्षा ‘पुढच्या महिन्यात कोणता रविवार मोकळा आहे’ असे विचारले, तर उत्तर खरे मिळते. आश्चर्याचा धक्का द्यायचाच असेल, तर व्हाउचर निदान दुसऱ्याच्या नावे करता येणारे असावे.

मुदत संपत आली असेल, तर ती संपण्यापूर्वीच मुदतवाढ लेखी मागावी आणि नाकारलेल्या तारखांचे संदेश जपून ठेवावेत. मागितलेली प्रत्येक तारीख कंपनीनेच नाकारली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना हेच संदेश उपयोगी पडतात.