ग्राउंड क्लिअरन्स बघताना माणसं बसवून मोजा

सोलापुरात गाडी घेताना सेडान की कॉम्पॅक्ट एसयूव्ही हे ठरवायचं असेल तर ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचा, आकडा बघून ठरवू नका, कारण तो बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. समजा सेडानला १६५ मिमी लिहिलंय. पाच जण बसले, डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं की मागची बाजू ३०-४० मिमी सहज दबते, म्हणजे उरले साधारण १३०. नियमातला गोल स्पीडब्रेकर १०० मिमीचा, तो निघतो, पण गावाकडं लोकांनी स्वतःच घातलेला उंच, अरुंद ढिगारा आला की पोट घासणारच. १९०ची एसयूव्हीही तेवढीच दबली तरी निदान १५० राहते.

टेस्ट ड्राईव्हला घरची चार माणसं घेऊन जा, सगळे आत बसलेले असताना टेपनं जमिनीपासून सगळ्यात खाली आलेल्या भागापर्यंत मोजा, तो बहुतेक सायलेन्सरचा पाइप नाहीतर इंजिनखालचं कव्हर असतं. जुनी सेडान घेताय तर तिथंच ओरखडे बघा.

महिन्यातून दोनदाच शेताकडं जाणं आणि बाकी पुणे हायवे असेल तर मी सेडानच घेईन, हायवेला ती जास्त स्थिर वाटते. रोज अक्कलकोटकडच्या आतल्या गावात जाणं असेल तर मात्र एसयूव्हीच.