जेट स्प्रे बसवताना: टी, स्वतंत्र कॉक आणि नळी

संडासातला जेट स्प्रे, म्हणजे हेल्थ फॉसेट, बसवायला सोपा असतो. पण तो कसा जोडला आहे यावर घरातलं पाणी अवलंबून असतं. स्प्रेचा खटका सोडला की पाणी थांबतं, पण नळीत दाब तसाच अडकून राहतो. भिंतीतला पाईप हा दाब वर्षानुवर्षं सोसायला बनवलेला असतो, स्प्रेची लवचीक नळी नसते. ती टोपणापाशी सुटली आणि मिनिटाला दहा लिटर पाणी जरी गेलं, तरी हजार लिटरची टाकी एक तास चाळीस मिनिटांत रिकामी होते. आपल्या खान्देशात नळाला रोज पाणी येत नाही अशी गावं कमी नाहीत. तिथे पुढची पाळी येईपर्यंतचं सगळं पाणी असं मोरीत जातं. म्हणून नळीच्या आधी एक स्वतंत्र कॉक हवा आणि वापर झाला की तो बंद करायला हवा.

चाळीसगावला आत्याच्या घरी केलेलं काम उदाहरण म्हणून घेतो. एकमजली घर, गच्चीवर टाकी, कमोड आणि त्याचा फ्लश. भिंतीतून आलेल्या पाईपला एकच अँगल कॉक आणि तिथून फ्लशला गेलेली नळी, एवढीच जोडणी होती.

सुरुवातीला संडासाची लाईन गच्चीवरच्या टाकीची आहे की थेट नगरपालिकेच्या नळाची, हे बघा. थेट नळाची असेल तर तिथे स्प्रे जोडू नका. पाणी सुटलं की गल्लीत अनेक जण नळाला मोटर लावतात आणि लाईनमध्ये ओढ तयार होते. त्या वेळी तुमचा स्प्रे बादलीत बुडालेला असेल आणि खटका नीट मिटत नसेल, तर ते घाण पाणी उलटं पाईपात खेचलं जाऊ शकतं आणि पिण्याच्या नळापर्यंत पोचू शकतं. टाकीच्या लाईनवरही टाकी रिकामी असताना खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला, तर थोडी ओढ लागू शकते. म्हणून स्प्रे कधीही भांड्यात किंवा बादलीत सोडून ठेवायचा नाही.

सामान थोडंच लागतं. अर्ध्या इंचाचा पितळी टी घ्या, ज्याच्या एका तोंडाला आतून आटे आणि दोन तोंडांना बाहेरून आटे असतात. त्यासोबत अर्ध्या इंचाचा छोटा कॉक, एक मीटरची स्टीलची जाळी असलेली नळी, स्प्रे, भिंतीवरचा हूक, टेफ्लॉन टेप आणि पान्हा. दुकानात टू-वे अँगल कॉकही मिळतो. त्याला दोन वेगळ्या मुठी असतील तर तोही चालतो. एकाच मुठीचा मात्र घेऊ नका. ती बंद केली की फ्लशही बंद होतो, मग घरातलं कोणीच ती बंद करत नाही आणि कॉक असून नसल्यासारखा राहतो.

आता काम. गच्चीवरचा त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाईप रिकामा होऊ द्या. फ्लश एकदा ओढून टाकी उपसा. मग अँगल कॉकला लागलेली फ्लशची नळी सोडवा. हे करताना एका हाताने अँगल कॉक घट्ट धरा. तो भिंतीच्या आत फिरला, तर आतला एल्बो सैल होतो आणि पाणी टाईलच्या मागे मुरायला लागतं.

टीच्या आतल्या आट्यांच्या तोंडात रबरी वॉशर नीट बसवा आणि ते तोंड अँगल कॉकवर चढवा. आधी हाताने पूर्ण आवळा, मग पान्ह्याने पाव फेरा. एका बाहेरच्या तोंडाला फ्लशची नळी परत लावा. दुसऱ्या तोंडावर छोटा कॉक येतो. इथे वॉशर नसेल तर टेफ्लॉन लागतो. आट्यांचं तोंड तुमच्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. आपल्याकडची टेप पातळ असते, त्यामुळे आठ-दहा वेढे लागतात. उलट्या दिशेने गुंडाळली तर कॉक फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते.

नळीच्या नटांना मात्र टेफ्लॉन लावू नका. तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे नाही. टेपमुळे नट आवळल्यासारखा वाटतो, पण वॉशर पूर्ण दाबला जात नाही आणि थेंब गळत राहतो. गळतंय म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि वॉशर चिरडतो किंवा प्लास्टिकचा नट तडकतो. त्यामुळे हाताने आवळून पाव फेराच द्या.

हूक कमोडच्या कडेच्या वर वीतभर तरी हवा, म्हणजे लटकलेल्या स्प्रेचं तोंड कडेच्या खाली जाणार नाही. नळीचा झोळ फरशीलाही टेकू नये. पाईपच्या उभ्या किंवा आडव्या रेषेत ड्रिल मारू नका, पाईप तिथूनच गेलेला असण्याची शक्यता असते.

आता तपासणी. गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, नवा कॉकही उघडा आणि खटका न दाबता तासभर तसंच ठेवा. या तासात घरातच थांबा. प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर दिसतो. मग कॉक बंद करून खटका एकदा दाबा. नळीतलं थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. दहा मिनिटांनी पुन्हा दाबल्यावर जोरात पाणी आलं, तर कॉक आतून गळतोय. तो बदलून घ्या.

आत्याच्या घरातल्या सगळ्यांना रोजची सवय एवढीच सांगितली: कॉक उघडा, वापरा, कॉक बंद करा आणि शेवटी खटका एकदा दाबून नळीतला दाब सोडा. एप्रिल-मे महिन्यात त्यात आणखी एक गोष्ट. दुपारी गच्चीवरच्या पाईपातलं पाणी अंग पोळण्याइतकं तापतं, म्हणून पहिली धार भांड्यात सोडून हाताने अंदाज घ्या. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी हे विसरू नका.

जुना लोखंडी पाईप असेल तर प्लंबरलाच बोलवा. गंजलेला निपल फिरवताना भिंतीतच तुटतो आणि मग टाईल फोडावी लागते. अँगल कॉक हातात हलत असेल किंवा त्याच्या मागची भिंत आधीपासूनच ओली असेल, तरीही तेच.

नळीवर महिन्यातून एकदा हात फिरवा. जाळीची तार तुटलेली, टोपणापाशी गंज किंवा कुठे फुगवटा दिसला, तर नळी त्याच दिवशी बदला. बोअरच्या जड पाण्याने स्प्रेच्या भोकांत पांढरा थर बसतो आणि धार वाकडी होते. तोंडाची चकती फिरून निघत असेल तर ती काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा. सुई घालून भोकं मोठी करू नका, धार कायमची पसरते.