मेंटेनन्स कॅलरी: सूत्राचा आकडा तीन आठवडे तपासा

मेंटेनन्स कॅलरी म्हणजे वजन आहे तेवढंच राखायला रोज लागणाऱ्या कॅलरी. म्हापशाची माझी वहिनी ४२ वर्षांची, उंची १५६ सेंमी, वजन ६४ किलो. मिफ्लिन-सेंट जोर सूत्रात बायकांसाठी हिशेब असा: 10 × वजन + 6.25 × उंची − 5 × वय − 161. म्हणजे ६४० + ९७५ − २१० − १६१ = १२४४ कॅलरी, नुसत्या विश्रांतीच्या. दिवसभर बैठं काम आणि संध्याकाळी फेरी, म्हणून तिने १.३७५ ने गुणलं: साधारण १७१०.

चूक बहुधा या गुणकातच होते, कारण आपण स्वतःला जरा जास्तच हालते-फिरते समजतो. शिवाय सूत्राला स्नायू किती, चरबी किती हे कळत नाही.

तिने रोज मोजून १७०० खाल्लं, सकाळी वजन केलं आणि फक्त आठवड्याच्या सरासऱ्या पाहिल्या. खारं सुंगट खाल्लं की दुसऱ्या दिवशी काटा पाण्यानेच वर जातो. पहिल्या आठवड्याची सरासरी ६४, चौथ्याची ६४.६. वाढलेल्या वजनाच्या किलोला ७७०० कॅलरी आणि मधले २१ दिवस धरून ०.६ × ७७०० ÷ २१ = रोज २२० जास्त. म्हणजे तिचा खरा आकडा १४८० च्या आसपास. मात्र आधी हुमणातलं खोबरं मोजलं होतं का, हे तिला विचारलं. निसटलं असेल, तरी त्याच पद्धतीने मोजत राहिल्यास १४८० हाच तिच्या कामाचा आकडा. वजन बदललं की पुन्हा तपासायचा.