उंचीचा झेड-स्कोर काढताना या चुका टाळा

मुलाची उंची मोजली, तक्ता उघडला, आकडा टाकला आणि उत्तर आलं: उणे २.१, म्हणजे मूल त्या वयाच्या मध्यक उंचीपेक्षा २.१ प्रमाण विचलनं खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार उणे २ च्या खाली गेलेलं मूल खुजं ठरतं. पण गणित बरोबर असूनही हे उत्तर चुकीचं असू शकतं. चूक बहुतेक वेळा सूत्राच्या आधीच झालेली असते.

आधी एक्सेलमधलं सूत्र. टिम कोल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास मांडलेल्या एलएमएस पद्धतीत प्रत्येक वयासाठी आणि मुलगा-मुलगीसाठी वेगवेगळे तीन आकडे असतात. M म्हणजे त्या वयाची मध्यक उंची. S म्हणजे उंचीतला फरक, पण मध्यकाच्या प्रमाणात. L सांगतो की आलेख एका बाजूला किती कललेला आहे. वजनाचा आलेख कलतो, म्हणून तिथे L महत्त्वाचा. संघटनेच्या उंचीच्या तक्त्यांत L सगळीकडे १ आहे.

```
=((X/M)^L-1)/(L*S)
=NORM.S.DIST(z,TRUE)*100
```

X म्हणजे मोजलेली उंची. पहिल्या ओळीतून झेड-स्कोर येतो, दुसरीतून पर्सेंटाइल. (L शून्य असेल तर पहिली ओळ भागाकारातच अडकते, तेव्हा `LN(X/M)/S` वापरायचं.)

आता बरोबर २४ महिन्यांचा एक मुलगा घेऊ. तो स्टेडिओमीटरला पाठ लावून उभा राहिला, उंची भरली ८१.३ सेंमी. या वयाच्या दोन ओळी आहेत. शून्य ते दोन वर्षांच्या तक्त्यातली ओळ आडवं झोपवून मोजलेल्या लांबीची आहे, M ८७.८१६१. दोन ते पाच वर्षांच्या तक्त्यातली ओळ उभ्या उंचीची, M ८७.११६१. फरक ०.७ सेंमीचा, कारण उभं राहिल्यावर मूल सरासरी तेवढं कमी भरतं. पहिली ओळ (S ०.०३४७९) उचलली तर उत्तर येतं उणे २.१३, म्हणजे खुजा. दुसरी (S ०.०३५०७) घेतली तर उणे १.९०, म्हणजे खुजा नाही. मुलगा तोच, पट्टी तीच.

म्हणून नोंदवहीत उंचीशेजारी ‘उभं’ की ‘झोपवून’ हे लिहिलंच पाहिजे. दोन वर्षांवरचं मूल उभं राहायला तयार नसेल आणि झोपवूनच मोजलं, तर ०.७ वजा करायचं. दोन वर्षांखालचं मूल उभं करून मोजलं असेल तर तेवढंच मिळवायचं. ही दुरुस्ती प्रत्येक वेळी हाताने करावी लागते असं नाही. काही सॉफ्टवेअर ती स्वतः करतात. तेव्हा आपण आधीच केली असेल तर ती दोनदा होते. हे तपासायला वरचा मुलगा उपयोगी पडतो: ८१.३ आणि ‘उभं’ टाका, उणे १.९ यायला हवं.

वयाची चूक याहून मोठी असते. ‘दोन वर्षांचा आहे’ असं आईने सांगितलं आणि जन्मतारखेनुसार तो २२ महिन्यांचाच निघाला, तर उभी ८१.३ सेंमी, म्हणजे लांबी ८२, साधारण उणे १.४ वर जाते. पट्टीची अर्ध्या सेंमीची चूक इतकी हानी करत नाही. वय जन्मतारखेवरून दिवसांत काढा. संघटनेचा महिना ३०.४३७५ दिवसांचा धरतात.

S च्या बाबतीत दोन गोष्टी होतात. कुणी त्याला प्रमाण विचलन समजून फरकाला थेट S ने भागतं. मग झेड-स्कोर शंभराच्या पुढे जातो आणि चूक लगेच कळते. प्रमाण विचलन म्हणजे M गुणिले S, इथे ३.०६ सेंमीच्या आसपास. दुसरी चूक कळत नाही: एक्सेलच्या पानावर नीट दिसावं म्हणून कुणी S चे पुढचे दशांश छाटून ०.०३ करून टाकतं. आपल्या मुलाचा उणे १.९० मग उणे २.२ होतो. तक्त्यातले दशांश आहेत तसेच ठेवा.

पाच वर्षं ओलांडल्यावर आपल्याकडे बरेच बालरोगतज्ज्ञ इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात. तो संदर्भगट वेगळा आहे. त्यामुळे पाचव्या वाढदिवसाला मुलाचा पर्सेंटाइल अचानक हलला, तर वाढ बिघडली असं धरण्याआधी तक्ता बदलला का ते बघा.

पालकांना समजवायला पर्सेंटाइल बरा: उणे १.९० म्हणजे सुमारे २.८, म्हणजे त्या वयाच्या शंभरांतली तीनेक मुलं याच्याइतकी किंवा याहून बुटकी. पण फार बुटक्या मुलाची प्रगती पाहायला तो कुचकामी आहे. उणे ४ वरून उणे ३ वर आलेलं मूल खरं तर खूप भरून निघालेलं असतं, आणि पर्सेंटाइलमध्ये हा प्रवास ०.००३ पासून ०.१३ पर्यंतचा. दोन्ही आकडे कार्डावर ‘तीनच्या खाली’ एवढेच दिसतात.