शॉर्ट फिल्मच्या शेवटी ट्विस्ट टाकताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी ओळखीतल्या मुलांच्या स्क्रिप्ट वाचतोय आणि दर दहातल्या सात-आठ स्क्रिप्टमध्ये शेवटी ट्विस्ट असतोच. ट्विस्टला माझा विरोध नाही, मला स्वतःला तो प्रकार फार आवडतो, पण त्याच त्याच चुका बघून आता खरंच थकलोय म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. उदाहरण माझ्याच एका ११ मिनिटांच्या फिल्मचं देतो कारण तिच्यात मी यातल्या बऱ्याच चुका केल्या होत्या आणि त्या निस्तरायला मला चार महिने लागले.

गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी रात्रपाळीला एक तिशीतली मुलगी येते, आजींना जेवण देते, औषध देते, आणि आजी झोपल्या की कपाटं उघडते, डबे उचकते, कागदांचे फोटो काढते. बघणाऱ्याला वाटतं ही चोर आहे, घराच्या कागदांवर डोळा आहे हिचा. शेवटी कळतं की ती त्यांची सख्खी मुलगी आहे. आजींना स्मृतिभ्रंश आहे, मुलीला त्या ओळखत नाहीत, आणि मुलगी शोधतेय ती मेडिक्लेमची फाइल, जी आईनेच कुठेतरी लपवून ठेवलीय.

सगळ्यात मोठी चूक: एकट्या पात्राला खोटं बोलायला लावणं

पहिल्या कटमध्ये मुलगी रात्री गॅलरीत जाऊन फोन करते आणि हळू आवाजात म्हणते, "म्हातारीला काही कळलं नाही, काम होईल आज." मला तेव्हा हा डायलॉग फार भारी वाटला होता. एका मित्राच्या घरी हॉलमध्ये पंधरा-सोळा जणांना फिल्म दाखवली, शेवट आला, दोन-तीन जणांच्या तोंडून "अरे!" निघालं, मी खूश. मग मागे बसलेल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "ती मुलगीच आहे ना, मग फोनवर स्वतःच्या आईला म्हातारी कशाला म्हणाली? तिथे ऐकणारं कोण होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ऐकणारे फक्त प्रेक्षक होते. म्हणजे ते वाक्य पात्राने बोललेलंच नव्हतं, मी बोललो होतो, बघणाऱ्यांना फसवायला. खोलीतला मूड लगेच उतरला, आणि त्यानंतर प्रत्येकजण आपापली शंका काढत गेला.

पात्राने दुसऱ्या पात्राला फसवलं तर चालतं, त्याला कारण असतं. पण पात्र एकटं असताना किंवा ज्याला सगळं माहीत आहे अशा माणसाशी बोलताना जे करतं ते खरंच असलं पाहिजे. हे मोठमोठ्यांनाही चुकलंय. हिचकॉकने १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये सुरुवातीलाच एक फ्लॅशबॅक दाखवला जो शेवटी खोटा निघतो, आणि नंतर त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतः ती चूक असल्याचं मान्य केलं. पात्र तोंडाने खोटं सांगत असेल तर प्रेक्षक एक वेळ सोडून देतो, पण कॅमेऱ्याने डोळ्यासमोर दाखवलेली गोष्ट घडलीच नव्हती म्हटलं की तो चिडतो.

आमचं नशीब एवढंच की त्या शॉटमध्ये मुलगी पाठमोरी होती, ओठ दिसत नव्हते, त्यामुळे नवा डायलॉग डब करता आला. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर बसलो. शेवटी ती भावाशी बोलतेय असं धरून लिहिलं: "नाही रे, ओळखलं नाही अजून तिने मला. कागद सापडले की कळवते." पहिल्यांदा ऐकताना वाटतं, बरं झालं, पकडली गेली नाही. दुसऱ्यांदा बघताना तेच वाक्य पोटात कालवतं. शब्द तेच, आवाज तोच, कुठेही खोटं नाही. दोन अर्थांची वाक्यं हवीत ती अशी, आणि ती सुचायला वेळ लागतो. नवीन मुलांना तो वेळ द्यायचा नसतो, शनिवारी स्क्रिप्ट आणि रविवारी शूट, मग फोनवरची म्हातारीच हाती लागते.

आता माझी सवय अशी आहे की स्क्रिप्टच्या आधी खरी गोष्ट लिहायची, सरळ क्रमाने, एका पानावर, ट्विस्ट नाही काही नाही. मुलगी सात वाजता का आली, आई झोपेपर्यंत का थांबली, फाइल कधी हरवली. मग वहीचं पान मधोमध दुमडून डावीकडे प्रत्येक सीनमध्ये पहिल्यांदा काय वाटेल ते आणि उजवीकडे खरं काय चाललंय ते लिहायचं. उजवी बाजू रिकामी राहिली की तो सीन फक्त फसवायला घातलाय असं समजून मी काढून टाकतो, कितीही लाडका असला तरी. आमच्याकडे मुलगी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढते असा एक सीन होता. उजवीकडे लिहायला काहीच नव्हतं. गेला.

याच वहीतून अॅक्टरचं कामही ठरतं. आमच्या अॅक्टरला मी आधी "जरा संशयास्पद बघ" असं सांगत होतो, ते पूर्ण चुकीचं होतं. नंतर तिला सांगितलं, आई मध्येच उठली आणि घरात अनोळखी बाई दिसली तर ती घाबरून किंचाळेल, म्हणून आवाज न करता भरभर शोध. ती तेच खरं खरं करत होती आणि पडद्यावर चोरासारखं दिसत होतं.

क्लू बोट दाखवून दाखवणं

पहिली चूक कळली की माणूस घाबरून उलट्या टोकाला जातो. फेअर वाटलं पाहिजे ना, मग क्लू दाखवा, क्लोजअप घ्या, वर एक टुंग असं म्युझिक टाका. आमच्याकडे भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या शाळकरी मुलीचा फोटो होता, हनुवटीवर तीळ, आणि अॅक्टरच्याही हनुवटीवर तीळ आहे. दुसऱ्या कटमध्ये मी त्या फोटोचा तीन सेकंदांचा क्लोजअप टाकला. नव्या सहा लोकांना दाखवला, तर चौघांनी चौथ्या मिनिटालाच ओळखलं. शॉर्ट फिल्म बघणारा माणूस आधीच सावध असतो, दहा-बारा मिनिटांत उगाच कोणी फोटोचा क्लोजअप घेत नाही हे त्याला कळतं. क्लोजअप काढला आणि फोटो वाइड शॉटमध्ये मुलीच्या मागे भिंतीवर तसाच राहू दिला, किंचित आउट ऑफ फोकस. फोटो अजिबातच काढून टाका असंही एकाने सुचवलं होतं, पण ते मला पटलं नाही, आईच्या घरात मुलीचा एकही फोटो नसणं हीच लबाडी झाली असती.

क्लू लपवायची माझी आवडती जागा म्हणजे त्याच क्षणी दुसरं काहीतरी मोठं घडत असेल ती. आणि आपल्या भाषेत तर क्लू फुकट मिळतात, कारण नातं बोलण्यातच असतं. मुलगी पूर्ण फिल्मभर "आजी, तुम्ही" म्हणते, कारण पहिल्याच आठवड्यात "आई" म्हटल्यावर आईने घाबरून स्वतःला खोलीत कोंडून घेतलं होतं (हे शेवटच्या सीनमध्ये एका वाक्यात येतं, नाहीतर ते "तुम्ही"ही फसवणूक ठरलं असतं). फक्त एकदा, गॅसवर दूध उतू जातं आणि आजी गरम पातेल्याला हात लावायला जातात, तेव्हा ती ओरडते, "अगं—" आणि लगेच "अहो आजी, थांबा!" बघणाऱ्याचं सगळं लक्ष त्या हाताकडे असतं. ते "अगं" कानावर पडतं पण तेव्हा कोणी त्याचा विचार करत नाही. असा एक, अंधारात न चाचपडता बरोबर दिव्याचं बटण दाबते तो एक, आणि मागचा फोटो. तीन पुरले. सात-आठ क्लू ठेवणाऱ्यांना मी सांगून थकलो की एवढ्या छोट्या फिल्ममध्ये ते दडत नाहीत.

ह्याचीच दुसरी बाजू म्हणजे शेवटी फ्लॅशबॅकची माळ लावून प्रत्येक क्लू परत दाखवणं. नका करू. प्रेक्षकाला स्वतःला आठवू दे, तोच तर आनंद आहे. आमच्याकडे सकाळी दिवसपाळीची मावशी येते आणि चपला काढता काढता विचारते, "ताई, आज तरी ओळखलं का आईंनी?" बास, तेवढंच. त्यानंतर मी जवळपास एक मिनिट ठेवलं. आजी मावशीला सांगतात, "ही मुलगी चांगली आहे गं, हिलाच पाठवत जा." धक्का बसल्या बसल्या टायटल्स चढवणारे लोक हा वेळच देत नाहीत, बघणारा अजून मागचं जुळवत असतो आणि फिल्म संपलेली असते.

बाकीच्या, पटकन

सगळं स्वप्न होतं, हा शेवट नको. रोबेर एन्रिकोच्या 'अॅन ऑकरन्स अॅट आउल क्रीक ब्रिज'ने १९६२ मध्ये कानला शॉर्ट फिल्मचं मोठं बक्षीस घेतलं आणि तिथे फासावरचा माणूस शेवटच्या क्षणी पळून जाण्याची कल्पना करत असतो, पण दोर तुटल्यापासूनच सैनिकांचे आवाज संथ, ताणलेले येतात, म्हणजे वेळ बिघडलीय हे दिग्दर्शक तिथेच सांगतो. तेवढी तयारी नसेल तर स्वप्नाच्या वाटेला जाऊ नका.

सबटायटल फाइल तपासा. आमच्या सबटायटल करणाऱ्या मुलाने फोनच्या सीनमध्ये बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी "मुलगी (आईबद्दल)" लिहून ठेवलं होतं.

फेस्टिव्हलला पाठवायचा दोन ओळींचा सारांश आणि थंबनेल शेवट न माहीत असलेल्या माणसाला आधी दाखवा.

आणि टेस्टिंग त्याच चार मित्रांवर करू नका, एक माणूस एकदाच नवा असतो. मी प्रत्येक कटला नवी पाच-सहा माणसं शोधतो, शेजारी, भाऊजींच्या ऑफिसमधले, कोणीही. उलगडा व्हायच्या आधी फिल्म थांबवतो आणि चिठ्ठीवर लिहायला सांगतो की पुढे काय होईल. मग शेवट दाखवून फक्त एवढंच विचारतो की मागचं काय आठवलं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या बरोबर निघाल्या तर क्लू फार ओरडतायत, आणि शेवटानंतर कोणालाच मागचं काही आठवलं नाही तर क्लू पोचलेच नाहीत. आमच्या चौथ्या कटला सहापैकी एकीने बरोबर लिहिलं होतं. बाकीच्या पाचांपैकी तिघं दिव्याच्या बटणाबद्दल बोलले, आणि एक आजीबाई म्हणाल्या, "ती अगं म्हणाली तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं बघ, पण दूध उतू जात होतं ना."