एका वाक्यात टीव्ही, दिवे आणि मालिका: रुटीन लावण्याआधीची तयारी

स्मार्ट स्पीकरला एक वाक्य सांगितलं की टीव्ही लागावा, दिवे मंद व्हावेत आणि मालिका सुरू व्हावी, यासाठी ही कामं स्पीकरच्या ॲपमध्ये एका क्रमात लावून ठेवायची, त्यालाच रुटीन म्हणतात. स्पीकर आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत, दोन्ही स्पीकरच्या ॲपमध्ये जोडलेले हवेत. हे झालंय असं धरून पुढे जाते.

सगळ्यात आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा आणि बंद असतानाही तो नेटवर्कवर जागा राहील असं करा. गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं. सॅमसंगमध्ये याला Power On with Mobile म्हणतात, सोनीमध्ये Remote start. बाकी कंपन्यांच्या टीव्हीत नेटवर्क किंवा पॉवरच्या पानावर असंच काहीतरी सापडेल. हे बंद असेल तर टीव्ही झोपल्यावर वाय-फाय सोडतो आणि स्पीकरचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फसवणूक अशी होते की रिमोटने बंद केल्यावर बरेच टीव्ही काही मिनिटं नेटवर्कवरच असतात. तुम्ही बंद करता, लगेच स्पीकरला सांगता, टीव्ही झटकन लागतो, तुम्ही खूश. रात्री जेवणं उरकून सगळे बसले की दिवे मंद होतात आणि स्क्रीन काळीच. म्हणून चाचणी घ्यायची ती रात्रभर बंद राहिलेल्या टीव्हीवर, सकाळी. पाच मिनिटांपूर्वी बंद केलेल्या टीव्हीवर घेतलेली चाचणी धरू नका.

टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावली असेल तर स्टिक जागी होऊन एचडीएमआयच्या तारेतूनच टीव्ही चालू करते. त्यासाठी टीव्हीत एचडीएमआय-सीईसी सुरू हवं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव Anynet+, एलजीत SimpLink. आणि स्टिकला वीज तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरमधून द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर बऱ्याच टीव्हींत तो बंद होताच स्टिकही मरते, मग जागं कोण करणार? परत तेच: बंद असताना काय जागं आहे, हे आधी बघा.

दिव्यांचं सोपं आहे. स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांना ते सांगून ठेवायचं. साधा बल्ब स्मार्ट प्लगवर लावला तर तो फक्त चालू-बंद होईल, मंद होणार नाही. मी वीस टक्के ठेवते. एकदम अंधार केला तर रिमोट शोधायलाही दिवा लागतो.

आता मालिका. रुटीनला हात लावण्याआधी टीव्ही चालू असताना तोंडाने सांगून बघा: अमुक मालिका अमुक ॲपवर टीव्हीवर लाव. ज्या वाक्याने ती खरंच लागते, तेच वाक्य जसंच्या तसं रुटीनमध्ये टाइप करायचं. तोंडी सांगून लागत नसेल तर रुटीनमधूनही लागणार नाही. ते ॲप जोडलेलं नसेल किंवा त्याला आवाजाचे हुकूम कळतच नसतील. ‘कोण बघतंय?’ या पानावर गाडी अडत असेल तर स्पीकरच्या ॲपमध्ये खातं जोडताना प्रोफाइल निवडता येतं का ते पाहा.

क्रम असा ठेवा: टीव्ही चालू, मग दिवे वीस टक्के, मग थांबा, शेवटी मालिकेचं वाक्य. टीव्ही पहिला, कारण वेळ त्यालाच लागतो. हे थांबणं गाळू नका. स्क्रीन उजळली म्हणजे टीव्ही तयार झाला असं नाही. किती थांबायचं ते मोजा, अंदाज नको. सकाळी, रात्रभर बंद असलेला टीव्ही लावा (हो, पुन्हा तोच), आणि होम स्क्रीनवर रिमोटचं बटण दाबल्यावर हलायला लागेपर्यंतचे सेकंद घ्या. पंधरा आले तर रुटीनमध्ये वीस टाका. नुकत्याच बंद केलेल्या टीव्हीवर मोजाल तर आकडा कमी येईल आणि रात्री वाक्य हवेत जाईल.

बिघडलं तर लक्षण बघा. स्पीकर ‘प्रतिसाद नाही’ म्हणाला तर टीव्ही नेटवर्कवर नाही, पहिल्या मुद्द्यावर परत जा. टीव्ही लागून होम स्क्रीनवरच बसला तर आधी थांबण्याचा वेळ वाढवा, रुटीन नव्याने बनवत बसू नका. ॲपमध्ये टीव्ही दोनदा दिसत असेल, एकदा टीव्ही म्हणून आणि एकदा स्टिक म्हणून, तर दोघांना वेगळी नावं द्या.

उरलेलं पटकन: हाक द्यायचं वाक्य छोटं ठेवा. आवाजाची पातळी ठरवायची तर थांबण्यानंतर, मालिकेच्या आधी. सगळं बंद करणारं दुसरं रुटीन आत्ताच करून टाका. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ते जागं राहण्याचं सेटिंग अजून चालू आहे ना, बघून घ्या.