दिवाळीचं दार सजवताना या चुका टाळा: छोटा फ्लॅट, बेताचं बजेट

फ्लॅटच्या दारातली रांगोळी मोडते ती बहुतेक वेळा आपल्याच जाळीच्या दारामुळे. आतलं लाकडी दार आत उघडतं, जाळीचं बाहेर. त्यामुळे बाजारात जाण्याआधी जाळीचं दार पूर्ण उघडा आणि त्याची खालची कड जमिनीवर कुठून कुठे फिरते ते खडूने आखून घ्या.

समजा, दार 3 फूट रुंद आहे आणि पॅसेज 4 फूट. म्हणजे दार काटकोनात उघडलं की समोर जेमतेम फूटभर जागा उरते, आणि तिथून शेजाऱ्यांना जायचं असतं. उंबऱ्यासमोर मधोमध दोन फुटांची रांगोळी काढायचा हट्ट इथे चालत नाही. दार जिथे कधीच पोचत नाही अशी जागा म्हणजे कडीच्या बाजूला, चौकटीच्या पलीकडे, भिंतीलगतचा कोपरा. तिथे सव्वा फुटाचा चौकोन सहज मिळतो. उंबऱ्यापुढे लक्ष्मीची पावलं तरी हवीतच असं वाटत असेल, तर आडवी काडेपेटी दाराखालून सरकते का बघा. सरकत असेल तर पावलं टिकतील, पण पणती मात्र तिथे ठेवायची नाही. ती काडेपेटीहून उंच असते.

दुसरी अडचण गुळगुळीत टाइल्सची. त्यांवर रांगोळीची पूड धरत नाही, पंख्याच्या किंवा जिन्यातल्या वाऱ्याने रेघा पसरतात. गेरू लावला की पूड धरते. पण फिकट टाइल्सच्या फटींत गेरूचा लाल रंग बसला की निघता निघत नाही, आणि मग सोसायटीत कुणाकुणाचं ऐकून घ्यावं लागतं. त्यापेक्षा सव्वा फुटाचा प्लायवूडचा किंवा हार्डबोर्डचा तुकडा घ्या. गेरूत थोडा डिंक मिसळून दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. बोट फिरवल्यावर लाल रंग हाताला लागला तर डिंक कमी पडलाय, तो वाढवून आणखी एक हात द्यायचा. गडद पाटावर पांढऱ्या रेघा इतक्या उठून दिसतात की रंग भरायची फारशी गरजच राहत नाही. ठिपक्यांची रांगोळी, पांढरी अर्धा किलो आणि दोन रंगांच्या पुड्या एवढ्यात वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचं काम भागतं. रंग पुरवायला त्यात मीठ घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते मीठ ओलं होतं आणि रंगाचे गोळे होतात. पांढरी रांगोळीच मिसळा.

तोरणाचं गणितही जाळीच्या दारापाशीच अडतं. चौकटीच्या वर लावलेल्या तोरणाची पानं खाली लोंबतात आणि दार उघडताना त्याच्या वरच्या कडेत अडकतात. चिकटवायचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर धरत नाहीत, फुलांच्या वजनाने रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. यावर सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे तोरण जाळीलाच, वरच्या बाजूला चार-पाच ठिकाणी दोऱ्याने बांधायचं. मग ते दाराबरोबरच फिरतं.

झेंडू धनत्रयोदशीलाच ओवून टाकू नका, लक्ष्मीपूजनापर्यंत तो काळवंडतो. तोवर नुसते आंब्याचे टहाळे पुरेत. फुलं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी घ्या, घट्ट आणि कोरडी बघून. तीन फुटांच्या दाराला पानं मध्ये घालून पाव किलो झेंडू पुरतो. घरी आणल्यावर पिशवीची गाठ सोडा. बंद प्लास्टिकमध्ये फुलांना घाम फुटतो आणि सकाळपर्यंत देठाकडून ती सडू लागतात. ओलसर सुती फडक्यावर मोकळी पसरून ठेवली की दुपारी ओवायला ताजी मिळतात.

पणत्यांच्या बाबतीत तेल वाया जातं ते कोऱ्या मातीमुळे. नवी पणती तेल पिते, बुडातून पाझरते, टाइलवर डाग पाडते आणि शेजारच्या रांगोळीत पिवळट कडं उमटवते. आदल्या रात्री पणत्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी उन्हात नीट वाळवा. ओली राहिली तर वात तडतडते. प्रत्येक पणतीखाली जुन्या डब्याचं स्टीलचं झाकण ठेवलं की उरलासुरला पाझर तिथेच थांबतो.

पणत्या दोनच लावल्या तरी चालतील, पण जागा बघून. चपलांच्या रॅकजवळ नको, तोरणाखाली नको, कारण आंब्याची पानं दोन-तीन दिवसांत कडक वाळतात. जिन्याच्या खिडकीकडून वारा येत असेल तर ज्योत एका बाजूला सतत झुकलेली दिसते आणि भिंतीवर काजळी धरते. अशा वेळी पणती भिंतीपासून वीतभर पुढे, वारा लागणार नाही अशा आडोशाला घ्या. साडीचा पदर किंवा ओढणी सावरायला कुणाला वेळ नसेल, तर पणत्या सरळ घराच्या आत, खिडकीत लावा आणि दाराला बॅटरीवरची छोटी माळ बांधा. प्लगवरच्या माळेची वायर दाराच्या फटीतून काढायची नाही. दर वेळी दार लागताना ती चेपते आणि वरचं आवरण कापलं जातं.